दारावर डकवलेला चौकोन

*नमस्कार. वय ६४, राहणार लोकमान्य नगर, इंदूर. मागच्या मंगळवारी आमच्या दारावर कोणीतरी हिंदीत छापलेला कागद डकवून गेलं. गॅसचं केवायसी अपूर्ण आहे, आज पाच वाजेपर्यंत स्कॅन करून पूर्ण करा, नाहीतर पुरवठा बंद. खाली क्यूआर कोड. घरी मी एकटीच, गॅसवर कुकर चढवलेला. घाबरून मोबाईलच्या कॅमेऱ्यानं स्कॅन केलं. पानावर नाव, मोबाईल आणि गॅसचा ग्राहक क्रमांक मागितला, तो मी भरला. पुढे कार्डानं १२ रुपये भरा आणि अ‍ॅप उतरवून घ्या असं आलं. उतरवायला गेले तर फोननंच ‘अनोळखी अ‍ॅप’ असं काहीतरी विचारलं, मग मी सगळं बंद केलं. कार्डाचा नंबर दिलेला नाही. फोन खराब झाला असेल का? पुण्याचा मुलगा म्हणतो, आई, यापुढे काहीही स्कॅन करू नकोस. पण भाजीवाल्याकडे मी रोजच स्कॅन करते. तो आणि हा, यात फरक काय? कागदाचा फोटो सोबत पाठवते आहे.*

*— एक वाचक*

ताई, तुमचा फोन ठीक आहे. वेळच्या वेळी अपडेट होणाऱ्या फोनवर नुसतं पान उघडल्यानं सहसा आत काही शिरत नाही. भामट्यांना शिरायचं होतं ते अ‍ॅपमधून, आणि फोननं अडवलं तिथेच तुम्ही थांबलात. तरी खात्रीसाठी एक काम करा. फोनमधलं ‘फाइल्स’ उघडून डाउनलोड्समध्ये मंगळवारच्या तारखेची, नावाच्या शेवटी `.apk` असलेली फाईल दिसते का बघा. दिसली तर पुसून टाका. फाईल उतरणं वेगळं आणि अ‍ॅप बसणं वेगळं. नुसती उतरलेली फाईल आपणहून काही करत नाही. मग सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्सची यादी एकदा वरपासून खालपर्यंत वाचा. गॅस, केवायसी, अपडेट, बिल अशा नावाचं, तुम्ही प्ले स्टोअरमधून न घेतलेलं काही तिथे नसेल तर हा भाग संपला.

असं अ‍ॅप बसलं असतं तर काय झालं असतं, तेही सांगते. पहिल्या उघडण्यातच त्यानं एसएमएस वाचायची परवानगी मागितली असती. ती मिळाली की बँकेचा ओटीपी तुमच्याबरोबर त्यांनाही दिसू लागतो. ‘ओटीपी कुणाला सांगू नका’ हे आपण सगळे घोकतो, पण इथे सांगायची गरजच उरत नाही. कुणाच्या फोनमध्ये असं अ‍ॅप बसलंच, तर आधी फोन एअरप्लेन मोडवर टाकावा, घरातलं वायफाय पुन्हा चालू राहिलं नाही ना ते बघावं, दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवावं, आणि मग ते अ‍ॅप काढावं. आधी अ‍ॅप शोधण्यात अर्धा तास घालवून मग बँकेला फोन लावणारे बरेच जण मी पाहिलेत. क्रम उलटा झाला की तेवढ्या वेळात खातं रिकामं होतं.

आता ते १२ रुपये. एवढी लहान रक्कम का, असं तुमच्याही मनात आलं असेल. त्यांना तुमचे १२ रुपये नकोच होते. बारा हजार मागितले असते तर तुम्ही मुलाला फोन केला असता. बारा रुपयांसाठी कोण कुणाला विचारतो? पण रक्कम कितीही लहान असो, कार्डाचा नंबर, मुदत संपण्याची तारीख आणि मागचे तीन आकडे तेच भरावे लागतात. कागदाचा सगळा खटाटोप त्या तीन रकान्यांसाठी होता.

मला काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. नाव, मोबाईल आणि ग्राहक क्रमांक तुम्ही भरून दिलात. यातून लगेच पैसे जात नाहीत, पण येत्या काही दिवसांत तुम्हाला फोन येण्याची शक्यता बरीच आहे. पलीकडचा माणूस तुमचं नाव घेईल, तुमचा ग्राहक क्रमांक अचूक वाचून दाखवेल आणि म्हणेल, ‘मॅडम, आप का केवायसी बीच में रुक गया है.’ क्रमांक बरोबर आहे म्हणजे माणूस ऑफिसचाच असणार, असं कुणालाही वाटेल. तो क्रमांक त्याला तुम्हीच दिलेला आहे, एवढं त्या क्षणी आठवलं पाहिजे. फोनजवळच्या भिंतीवर चिठ्ठी लावून ठेवा हवं तर. मी माझ्या सासूबाईंसाठी लावली होती, त्यांनी ती वाचून एका भामट्याला फोनवरच ऐकवली.

आता तुमचा खरा प्रश्न.

क्यूआर कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकोनांत लिहिलेला मजकूर, बस. १९९४ साली जपानमध्ये डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बनवला, तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद झटपट व्हावी म्हणून. तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन कॅमेऱ्याला सांगतात की कोड कुठे आहे आणि सरळ कसा धरायचा. बाकीच्या ठिपक्यांत अक्षरं असतात. त्यात विषाणू बसलेला नसतो, पैसेही बसलेले नसतात. एक ओळ असते, आणि ती ओळ कशानं सुरू होते ते पाहून फोन ठरवतो की पुढे काय करायचं. `https://` दिसलं तर वेबसाइट उघडायची, `upi://` दिसलं तर पैसे देण्याचं अ‍ॅप.

अडचण एवढीच की ही ओळ आपल्या डोळ्यांना वाचता येत नाही. कागदावर साधा पत्ता छापला असता तर तुम्ही तो निदान एकदा वाचला असता, काहीतरी विचित्र आहे असं जाणवलंही असतं. चौकोनानं ती वाचण्याची पायरीच काढून टाकली. भामट्यांना क्यूआर आवडतो तो यासाठीच. म्हणून आपण करायचं काय, तर काढून टाकलेली ती पायरी परत घालायची: स्कॅन करायचं, पण उघडण्याआधी वाचायचं.

भाजीवाल्याच्या कोडपासून सुरुवात करू. त्यात साधारण असं लिहिलेलं असतं:

```
upi://pay?pa=bhajiwala@xyz&pn=Bhaji%20Bhandar&cu=INR
```

`pa` म्हणजे पैसे कुणाच्या यूपीआय पत्त्यावर जायचे, `pn` म्हणजे त्याचं नाव, `cu` म्हणजे चलन. काही कोडांत `am` असतो, तेव्हा रक्कमही आधीच भरून येते. ही ओळ तुमच्याकडून कार्डाचा नंबर मागू शकत नाही की कुठलं अ‍ॅप उतरवायला लावू शकत नाही. फार तर ती पैसे चुकीच्या माणसाकडे नेईल, आणि तेही तुम्ही स्वतः पैसे दिल्यावरच.

हे चुकीच्या माणसाकडे नेणं मात्र घडतं. २०२५ च्या जानेवारीत आपल्याच मध्य प्रदेशात, खजुराहोमध्ये, रात्रीतून दुकानांच्या आणि पेट्रोल पंपाच्या क्यूआर कोडांवर दुसरेच कोड चिकटवून लोक पसार झाले होते. सकाळी गिऱ्हाइकांनी पैसे दिले, पण दुकानदारांच्या खात्यात काही आलं नाही. पकडलं गेलं ते नावामुळे. स्कॅन केल्यावर भलतंच नाव येतंय, हे लक्षात आलं आणि मग कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं गेलं.

त्या नावाबद्दल एक बारकावा. वरच्या ओळीतलं `pn` कोड बनवणारा स्वतः लिहितो. मी बसल्या जागी तिथे ‘इंदूर महापालिका’ असं लिहू शकते. पण ३० जून २०२५ पासून, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेच्या नियमाप्रमाणे, अ‍ॅपला पैसे देण्याआधी बँकेच्या नोंदीतलं नाव दाखवावं लागतं, कोडात लिहिलेलं नाही. म्हणजे पिनच्या आधी पडद्यावर जे नाव दिसतं ते आता भरवशाचं आहे, फक्त ते वाचायला हवं. भाजीवाल्याच्या जागी त्याच्या बायकोचं किंवा पोराचं नाव येतं कधीकधी, त्यात वावगं काही नाही. ‘भैया, ये कविता कौन?’ एवढं विचारायचं. तो ‘घरवाली’ म्हणाला की द्या पैसे. गोंधळून कोडाकडे बघायला लागला, तर तुम्ही त्याचंही नुकसान वाचवलंत.

मी स्वतः एकदा हे न वाचल्यामुळे फसले आहे. एका पार्किंगच्या खांबावर क्यूआर होता, मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते, मी ३० रुपये देऊन मोकळी झाले. बाहेर पडताना मुलानं पावती मागितली. पैसे गेले होते कुणा भलत्याच बाईंच्या खात्यात. तेव्हापासून खांबावर, भिंतीवर, दानपेटीवर, जिथे कुणी बसलेलं नाही अशा ठिकाणच्या कोडावर मी आधी नख फिरवते. एका स्टिकरवर दुसरं स्टिकर असेल तर कडेला नख अडतं. अगदी गावठी तपासणी आहे, आणि वरचं स्टिकर मूळ फलकाच्याच मापाचं असेल किंवा अख्खा फलकच बदलला असेल तर ती कामाची नाही. तरी एकदा नख अडलं होतं, इंदूरच्या छप्पन दुकानजवळ.

यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना किंवा खात्यातली शिल्लक बघताना लागतो. पैसे यायचे असतील तर काहीही स्कॅन करावं लागत नाही आणि पिनही लागत नाही. तिलक नगरातल्या माझ्या ओळखीच्या एक बाई दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेतात. त्यांना एकानं दहा किलो चकलीची ऑर्डर दिली आणि ‘अ‍ॅडव्हान्स पाठवतोय, हा कोड स्कॅन करून पिन टाका, म्हणजे पैसे जमा होतील’ असं सांगितलं. कोडात रक्कम आधीच भरलेली होती, पाच हजार. त्यांनी पिन टाकला आणि पाच हजार गेले. चकली मात्र तळून झाली होती.

हे झालं भाजीवाल्याचं. तुमच्या दारावरचा कोड दुसऱ्या जातीचा होता. तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून मी त्यातली ओळ काढून बघितली, पान न उघडता. ती अशी आहे. शेवटचा शब्द मी मुद्दाम बदलून `example` केला आहे, नाहीतर उत्सुकतेपोटी कुणीतरी तिथे जाऊन पोचायचं.

```
https://gas.gov.in.ekyc-update.example/indore/u?id=7c41
```

पहिल्या नजरेत काय दिसतं? गॅस, त्यापुढे gov.in, पुढे ईकेवायसी, शेवटी इंदूर. सगळे ओळखीचे शब्द. आपण डावीकडून वाचतो आणि `gov.in` पाशी समाधान होऊन थांबतो. ही ओळ रचणाऱ्याला आपली ही सवय पक्की ठाऊक आहे.

वेबसाइटचा पत्ता वाचायचा तो पोस्टाच्या पत्त्यासारखा. पाकिटावर आपण आधी नाव लिहितो, मग घराचं नाव, गल्ली, आणि शेवटी मुक्काम-पोस्ट. पत्र कुठे जाणार हे शेवटची ओळ ठरवते. ‘राजवाडा निवास, सराफा गल्ली, मु. पो. देवास’ असं लिहिलेलं पत्र देवासलाच जाईल. घराच्या नावात राजवाडा आहे म्हणून पोस्टमन ते इंदूरच्या राजवाड्यावर आणून देणार नाही. कुणीही आपल्या घराला राजवाडा म्हणू शकतो. मुक्काम बदलता येत नाही.

तर `https://` सोडून द्या. त्यापुढे पहिली तिरकी रेघ कुठे येते ते शोधा. आपल्या ओळीत ती `example` नंतर येते. त्या रेघेच्या उजवीकडचं सगळं, म्हणजे `indore` वगैरे, विसरून जा. ते घराच्या आतल्या खोल्यांची नावं आहेत, मालक हवी ती ठेवतो. आता रेघेपासून मागे, उजवीकडून डावीकडे, टिंबाटिंबानं वाचा. आधी `example`, मग `ekyc-update`. हे दोन मिळून मालकाचं नाव झालं: `ekyc-update.example`. त्याच्याही डावीकडचं `gas.gov.in` ही त्यानं आपल्याच दारावर ठोकलेली पाटी आहे. मालकाला डावीकडे काहीही जोडता येतं, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आपल्याकडचे काही शेवट असे आहेत की ते दोन शब्दांचे असतात, आणि कुणालाही विकत मिळत नाहीत. `gov.in` आणि `nic.in` सरकारी. आणि रिझर्व्ह बँकेनं ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांना आपल्या वेबसाइट `bank.in` वर न्यायला सांगितलं, तेव्हापासून हा बँकांचा. अशा पत्त्यात शेवटच्या दोन शब्दांआधीचा तिसरा शब्द मालकाचा. `abc.bank.in/login` असेल तर ती एबीसी बँक. पण `abc-bank.in` आला, टिंबाऐवजी आडवी रेघ, तर तो साधा `.in` पत्ता झाला. कुणीही काही रुपयांत घेतलेला असू शकतो. एका टिंबाचा फरक आहे, म्हणून चष्मा लावून बघा असं मी सगळ्यांना सांगते, त्यात विनोद नाही. `m` च्या जागी `r` आणि `n` शेजारी लिहिले तर लहान पडद्यावर तेही एकसारखेच दिसतात.

हे वाचायचं कुठे? कॅमेरा कोडावर धरला की पडद्यावर एक पट्टी येते. तुम्ही बहुधा त्या पट्टीवरच बोट टेकवलंत आणि पान उघडलं. तिथे थांबायचं. अडचण अशी की पट्टी अरुंद असते, लांब पत्ता तिच्यात मावत नाही, आणि काही फोनांत पत्त्याचं शेपूट कापलं जाऊन नेमका `gas.gov.in` एवढाच भाग दिसतो. म्हणून अँड्रॉइडवर त्या पट्टीवर टिचकी न मारता बोट दाबून धरा, किंवा शेजारी कॉपीची खूण असेल ती दाबा. मग तो पत्ता नोट्समध्ये किंवा स्वतःलाच पाठवायच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चिकटवा. तिथे तो अख्खा दिसतो आणि निवांत वाचता येतो. फक्त निळ्या अक्षरांवर बोट पडू देऊ नका. पहिल्यांदा हे करायला दोन मिनिटं लागतील; दुसऱ्या-तिसऱ्या वेळी पोहे परतता परतता होईल.

कधी पत्ता वाचूनही काही कळत नाही, कारण तो `bit.ly/` आणि पुढे चार-सहा अक्षरं असा आखूड केलेला असतो. हे म्हणजे पाकिटावर मुक्कामच नाही. खऱ्या कंपन्याही असे पत्ते वापरतात, त्यामुळे आखूड दिसला म्हणजे खोटाच असं म्हणता येत नाही; पण पैसे, कार्ड किंवा केवायसीचं काम असेल तर तो उघडायचं आपल्याला काही कारण नाही.

आणि ते कुलूप. तुमच्या मुलानं कधीतरी सांगितलं असेल, पत्त्याशेजारी कुलूप दिसलं की साइट सुरक्षित. एकेकाळी हा सल्ला बरा होता. कुलपाचा अर्थ इतकाच की तुम्ही आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं वाटेत कुणी ऐकू शकत नाही. पलीकडे बसलेला चोर असेल तर तुमचा कार्ड नंबर त्याच्याकडे अगदी सुखरूप पोचतो. चोरालाही कुलूप फुकट मिळतं. क्रोमनं २०२३ मध्ये ती खूण काढून तिथे दुसरं चिन्ह आणलं, लोक कुलपाला भुलतात म्हणूनच.

आता या वाचण्यालाही मर्यादा आहे, ती लपवत नाही. काही भामटे स्वतःची साइट काढतच नाहीत. एखाद्या मोठ्या, नामांकित कंपनीच्या फुकट फॉर्म बनवायच्या सोयीवर ते फॉर्म तयार करतात. मग उजवीकडून डावीकडे कितीही नीट वाचलं तरी मालक म्हणून त्या मोठ्या कंपनीचंच नाव येतं, आणि ते खरंही असतं. फॉर्म मात्र चोराचा. म्हणून ‘हा पत्ता खरा आहे का’ एवढं विचारून भागत नाही. ‘हा माझ्या गॅस कंपनीचा पत्ता आहे का’ असं विचारावं लागतं. गॅसच्या केवायसीसाठी कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीचा फॉर्म आला, की ती कंपनी कितीही मोठी असो, बंद करायचा.

पुढच्या वेळी असा कागद दिसला तर मी काय करीन, ते सांगते. कोडाला हातच लावणार नाही. जुनं बिल काढीन, त्यावर छापलेल्या नंबरला फोन करीन आणि विचारीन की माझं काही बाकी आहे का. कागदावर छापलेल्या नंबरला नाही, तो त्यांच्याच माणसाच्या खिशातला असतो. गुगलवर शोधून सापडलेल्या नंबरलाही नाही, कारण वरचे एक-दोन निकाल कुणीतरी पैसे देऊन लावलेली जाहिरात असू शकतात. बिलावरचा नंबर आपल्याकडे या कागदाच्या आधीपासून आहे, त्याचं महत्त्व तेवढ्यासाठी. आणि कागदावर ‘आज पाच वाजेपर्यंत’ असं लिहिलेलं आहे, ते एवढा वेळ आपल्याला मिळू नये म्हणून. कुकर चढलेला असताना गॅस बंद होईल म्हटलं की कुणाचाही हात मोबाईलकडे जाईल, ताई. तुम्ही भोळ्या म्हणून फसला नाहीत.

मुलाला सांगा, ‘काहीही स्कॅन करू नकोस’ हे तुझं म्हणणं मनापासून आहे पण चालणारं नाही. भाजी, रिक्षा, औषधं, सगळीकडे तोच चौकोन आहे. त्यापेक्षा एक साधी विभागणी पाळा: दुकानात पैसे द्यायचे असतील तर फोनच्या कॅमेऱ्यानं नाही, यूपीआय अ‍ॅप उघडून त्यातल्याच स्कॅनरनं स्कॅन करा. त्या स्कॅनरला पैशांची ओळख आहे. वेबसाइटचा कोड दाखवला तर तो सहसा ‘हा कोड चालत नाही’ म्हणून सांगतो. म्हणजे दुकानाच्या फलकावर कुणी भलता वेबसाइटचा कोड चिकटवला असेल तर तिथेच कळतं. कॅमेऱ्यानं स्कॅन करायचं ते फक्त वाचायला.

पैसे गेलेच कुणाचे, तर १९३० या क्रमांकावर फोन करायचा, किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवायची. आता हा पत्ता तुम्हीच उजवीकडून वाचून बघा. फोन करताना खात्याचं नाव, वेळ, रक्कम आणि त्या व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक जवळ ठेवा. तो यूपीआय अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर टिचकी मारली की दिसतो. लवकर कळवलं तर पैसे पुढच्या खात्यातच अडवता येतात. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी ते इतक्या खात्यांतून फिरलेले असतात की माग काढणं फार अवघड होतं. तुमचे पैसे गेलेले नसले तरी त्याच साइटवर संशयित वेबसाइट कळवायची सोय आहे. ही ओळ मी तिथे कळवली आहे.

तुमच्या फोटोत मागे शेजारच्या फ्लॅटचं दार दिसतंय, त्यावरही तसाच कागद आहे. म्हणजे तो माणूस मजल्यामजल्यानं डकवत गेलाय. एखादा कागद पोलिसांना दाखवायला जपून ठेवा, बाकीचे आजच काढा, आणि ज्यांच्या दारावरून तो आधीच निघालेला असेल त्यांची बेल आधी वाजवा.